रेशन कार्ड ‘अपात्र’ ठरलं तर: आधी जुळलेली नोंद मागा

रेशन दुकानदार ई-पॉस मशीनकडे बघतो आणि म्हणतो, “तुमचं वरूनच बंद झालंय.” तहसीलला गेलात तर पुरवठा शाखेतला कारकून संगणकाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, “सिस्टीमने काढलंय.” म्हणजे दुकानदाराने काढलं नाही, कारकुनाने काढलं नाही, साहेबांनीही काढलं नाही. धान्य मात्र बंद. भांडायला समोर माणूसच नसल्यामुळे बहुतेक कुटुंबं इथंच हार मानतात.

गेली काही वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मी आठवड्यातून दोन दिवस लोकांचे अर्ज लिहून देतो. हा लेख रद्द झालेलं कार्ड परत मिळवणाऱ्या कुटुंबासाठी आणि त्याहून जास्त त्यांना मदत करणाऱ्या शिकलेल्या पोरासाठी आहे. पण सुरुवात शेजारच्या तेलंगणापासून करतो, कारण तिथे हे सगळं आपल्याआधी आणि फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे.

तेलंगणात काय झालं

तेलंगणा सरकारने ‘समग्र वेदिका’ नावाची यंत्रणा उभी केली. वेगवेगळ्या खात्यांच्या याद्या एकत्र आणायच्या, म्हणजे वाहन नोंदणी, मालमत्ता कर, वीजजोड, रेशन वगैरे, आणि या यादीतला माणूस आणि त्या यादीतला माणूस एकच आहे का, हे सॉफ्टवेअरने ठरवायचं. रेशनच्या नियमात चारचाकी असलेलं कुटुंब बसत नाही. तेव्हा रेशनच्या यादीतला माणूस गाड्यांच्या यादीत ‘सापडला’ की तो अपात्र.

हैदराबादेत रिक्षा ओढून पोट भरणाऱ्या एका माणसाच्या कुटुंबाचं कार्ड २०१६ मध्ये गेलं. त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेला दुसराच कोणी कारचा मालक होता, आणि सॉफ्टवेअरने दोघांना एक केलं. कुटुंबाला आधी नोटीस नाही, घरी कुणी पाहायला आलं नाही. धान्य बंद झाल्यावरच त्यांना कळलं. पुढची कित्येक वर्षं, नवरा गेल्यानंतरही, बायकोला एकच गोष्ट सिद्ध करत फिरावं लागलं: जी गाडी आमची कधी नव्हती, ती आमची नाही.

अशा तक्रारींचा मामला हैदराबादच्या एका सामाजिक कार्यकर्त्याने सर्वोच्च न्यायालयात नेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. त्यातून पुढे आलेले आकडे नीट वाचण्यासारखे आहेत. फेरतपासणीसाठी अर्ज आले ४,९१,८९९. जुलै २०२२ पर्यंत त्यातले २,०५,७३४ तपासून झाले होते आणि १५,४७१ कुटुंबं पात्र निघाली. म्हणजे शंभरातली साडेसात. यावर कुणी म्हणेल, साडेब्याण्णव बरोबरच होती की. पण ही पंधरा हजार कुटुंबं वर्षानुवर्षं धान्यावाचून राहिली, आणि तीही माणसाने तपासल्याबरोबर पात्र ठरतील अशी.

मला जास्त बोचतो तो दुसरा आकडा. १९ लाखांपैकी अर्ज आले पाच लाखांच्या आत. बाकी चौदा लाखांचं काय? त्यातली बरीच खरोखर अपात्र असतील, दुबार असतील. पण त्यात कामासाठी गाव सोडलेले, मेलेले, निरोप न मिळालेले आणि ‘पुन्हा खेटे घालायला रोज बुडवायचा कोण’ म्हणून घरी बसलेलेही असणार. चूक सरकारच्या यंत्राची असताना दुरुस्तीसाठी अर्ज मात्र माणसाने करायचा, ही पद्धतच दुबळ्या माणसाला गाळते. हे ध्यानात ठेवा, खाली पुन्हा लागणार आहे.

चूक नेमकी कुठे होते

याद्या जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला सगळीकडे आधार क्रमांक मिळत नाही. जुन्या गाडीच्या नोंदीत तो नसतो, घरपट्टीच्या वहीत नसतो. मग ते नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून गुण देतं. ठरवलेल्या आकड्याच्या वर गुण गेले की ‘एकच माणूस’. हा आकडा किती ठेवायचा, हे कुणीतरी कचेरीत बसून ठरवलेलं असतं. तो खाली आणला की जास्त ‘बोगस’ सापडतात आणि त्याच हिशोबात जास्त निरपराध माणसंही अडकतात.

आता आपल्याकडचं चित्र बघा. समजा एका तांड्यावर गणपत सखाराम राठोड नावाचा मजूर आहे. तालुक्यात गणपत राठोड नावाचाच दुसरा माणूस आहे आणि त्याच्याकडे जीप आहे. पडद्यावर दोन ओळी अशा दिसतात:

```
RATION : RATHOD GANPAT SAKHARAM   01/01/1975
RTO    : GANAPAT S RATHOD         01/01/1975
```

बाहेरच्या माणसाला वाटेल, नाव तेच, जन्मतारीखही तीच, आता आणखी काय पुरावा हवा? तांड्यावरचा माणूस हसेल. अर्ध्या तांड्याचं आडनाव राठोड. आणि १ जानेवारी ही जन्मतारीख नव्हेच. आधार काढताना ज्याला फक्त साल ठाऊक होतं, त्याच्या कार्डावर १ जानेवारी पडलं. शाळेत गेलेल्यांचा १ जून, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच लिहिली. त्यामुळे जन्मतारीख जुळली याचा अर्थ फक्त इतकाच की दोघांचं साल एक आहे. तारीख म्हणून सॉफ्टवेअरने तिला भरघोस गुण दिलेले असतात.

पत्त्याचीही तीच गत. शहरात फ्लॅट नंबर असतो. गावात ‘मु. पो. अमुक, ता. तमुक’ म्हणजे दोन-तीन हजार माणसांचा एकच पत्ता. इमामचा ‘इमाम साहेब’ होतो, दत्तात्रयचा दत्ता, दत्तू, दत्तोबा. सॉफ्टवेअरने अशा फरकांकडे काणाडोळा करावा म्हणूनच ते ढिलं ठेवलेलं असतं, आणि मग ढिलाईत दोन वेगळी माणसंही एक होतात. लग्न झालेल्या बाईचं तर विचारू नका. माहेरचं नाव एका यादीत, सासरचं दुसऱ्या यादीत. मग कधी ती दोन ठिकाणी दिसते म्हणून ‘दुबार’ ठरते, तर कधी कुठेच जुळत नाही म्हणून ‘अनोळखी’.

थोडक्यात, सॉफ्टवेअर जे काढतं तो संशय असतो. त्याला निर्णय समजून धान्य बंद करणं हा माणसांनी केलेला घोटाळा आहे. अपिलात झगडायचं ते यावरच.

पहिली पायरी: नेमकं काय बंद झालंय ते ओळखा

‘रेशन बंद’ या एका तक्रारीखाली निदान चार वेगळी दुखणी असतात, आणि औषध चुकलं तर सहा महिने फुकट जातात. अंगठा उमटत नसेल तर कार्ड जिवंत आहे, फक्त ओळख पटत नाही. ई-केवायसी राहिली असेल तर एखाद्याच माणसाचं धान्य कमी झालेलं असतं. कार्डाचा प्रकार बदलला असेल, म्हणजे ‘प्राधान्य कुटुंब’ यादीतून काढून नुसतं केशरी ठेवलं असेल, तर कार्ड चालू दिसतं पण धान्य शून्य. आणि चौथं म्हणजे आपला विषय: दुसऱ्या खात्याच्या यादीशी जुळवून अपात्र ठरवणं.

दुकानदाराकडून मशीनची पावती मागा. धान्य मिळालं नसेल तर पडद्यावर काय संदेश आला त्याचा मोबाईलवर फोटो काढा. मग कार्डाचा १२ अंकी क्रमांक घेऊन कार्डाची सद्यःस्थिती ऑनलाइन बघा किंवा पुरवठा शाखेत विचारा: कुटुंब कोणत्या योजनेखाली आहे, किती सदस्य चालू आहेत, बंद झाल्याची तारीख कोणती. या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

इथेच एक अवघड प्रश्न कुटुंबाला विचारून घ्या, आणि तो चारचौघांत विचारू नका: गाडी खरंच नावावर होती का? कारण मी पाहिलेल्या प्रकरणांत बऱ्याचदा गाडी नावावर असते, पण विकलेली. पाच वर्षांपूर्वी जुनी जीप स्टॅम्पपेपरवर विकली, आरटीओत नाव बदललंच नाही. तिथे सॉफ्टवेअरची जुळणी बरोबर आहे, नोंद शिळी आहे. अशा वेळी ‘ती नोंद माझी नाही’ असा अर्ज करू नका, खोटे ठराल. विक्रीचा कागद जोडा, घेणाऱ्याला गाठून फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलायला लावा, आणि अपिलात हे जसंच्या तसं सांगा. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला आड येतो, तेही असंच. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे, आणि शिष्यवृत्तीचा दाखला सहज त्याच्या वरचा निघतो.

दुसरी पायरी: कारण लेखी मागा, आणि नोंदीसकट मागा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. म्हणून इथे जरा थांबतो.

‘अपात्र’ हे कारण नव्हे. ‘चारचाकी असल्याने अपात्र’ हेही अर्धंच कारण. कोणती चारचाकी? कुठे नोंदलेली? कुणाच्या नावावर? हे कळल्याशिवाय अपील करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि हे तुम्हाला घरबसल्या शोधता येत नाही. वाहनांच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून माहिती निघते, पण ‘माझ्या नावावर कोणत्या गाड्या आहेत’ असं नावावरून शोधता येत नाही. काही कचेऱ्या ‘नावावर वाहन नसल्याचा आरटीओचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवतात. नाव सारखं असलेल्या माणसाला असा दाखला द्यायला आरटीओही कचरतं, कारण त्यांच्या पडद्यावरही तोच दुसरा गणपत दिसत असतो. या चक्रात शिरू नका. जुळलेली नोंद कचेरीकडे आहे, तेव्हा दाखवायची जबाबदारीही कचेरीची.

साधा अर्ज द्या, दोन प्रतींत. एक त्यांना, दुसरीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. पोच न घेता दिलेला अर्ज हा दिलेलाच नसतो. मजकूर साधारण असा:

“माझे कार्ड क्रमांक … या महिन्यापासून बंद आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: (१) बंद करण्याचा आदेश कोणी, कोणत्या तारखेला दिला, त्याची प्रत. (२) इतर खात्याच्या नोंदीशी जुळवून अपात्र ठरवले असल्यास त्या नोंदीचा पूर्ण तपशील: वाहनाचा क्रमांक, नोंदणी कार्यालय, त्या नोंदीतील मालकाचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता. (३) माझ्या कोणत्या तपशिलाशी ती जुळली आणि कोणत्याशी जुळली नाही. (४) बंद करण्यापूर्वी घरी तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. (५) मला नोटीस दिली असल्यास तिची पोच.”

तिसरा मुद्दा गाळू नका. जुळलं काय, हे ते आनंदाने सांगतील. जुळलं नाही काय, यातच तुमची सुटका असते. आपल्या समजलेल्या गणपतचा बाप सखाराम, जीपवाल्याच्या नोंदीतला ‘एस’ म्हणजे शंकर. एवढं एक अक्षर उलगडलं की प्रकरण संपतं.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर हेच पाच प्रश्न माहिती अधिकारात टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणं देणं हे सरकारी कार्यालयाचं कर्तव्यच आहे, ते कलम अर्जात लिहा.

उत्तर हमखास एक येईल: ‘वाहनाची माहिती त्रयस्थ व्यक्तीची असल्याने देता येत नाही.’ हे वाचून माझ्याकडे आलेले लोक हिरमुसलेले असतात. उलट हे उत्तर सोन्यासारखं आहे. माहिती अधिकाराच्या पहिल्या अपिलात एवढंच लिहा: गाडी माझी असेल तर माहिती माझीच आहे, द्या. गाडी त्रयस्थाची असेल तर तुम्हीच लेखी कबूल केलं की ती माझी नाही, मग कार्ड चालू करा. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

सॉफ्टवेअर कसं चालतं, गुण कसे देतं, हे मागण्याचा मोह होतो. व्यापक लढा देणाऱ्या संस्थांनी ते जरूर मागावं. एका कुटुंबाच्या अर्जात ते घालू नका. तेलंगणात समग्र वेदिकेचा तांत्रिक तपशील मागणाऱ्यांना नकारच मिळाला, आणि अशा वादात वर्ष निघून जातं. गणपतला सूत्र नको आहे, त्याला जीपचा नंबर हवा आहे.

तिसरी पायरी: अपील

रेशन कार्ड नाकारलं किंवा रद्द केलं तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, असं केंद्राच्या २०१५ च्या सार्वजनिक वितरण नियंत्रण आदेशात आहे. शब्द लक्षात घ्या: आदेश *मिळाल्यापासून*. आदेश मिळालाच नसेल तर मुदत सुरूच झालेली नाही. “तीस दिवस उलटून गेले” असं कुणी म्हटलं तर नोटिशीची पोच दाखवा म्हणा. हे ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी फार मोलाचं आहे. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून गेलेला माणूस उन्हाळ्यात परततो, आणि मधल्या काळात दाराला चिकटवलेली नोटीस वाऱ्याने नेलेली असते.

याशिवाय २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याची स्वतंत्र वाट आहे. कलम १५ खाली प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा तक्रार निवारण अधिकारी असतो. तो कोण, हे जिल्हाधिकारी कचेरीत विचारा. तिथे समाधान झालं नाही तर कलम १६ खालचा राज्य अन्न आयोग. जिल्हा अधिकाऱ्याने दिलेला दिलासा विनाकारण अडवणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ३३ मध्ये आहे. दंड क्वचितच होतो, पण अर्जात कलम लिहिलेलं असलं की फाइल जरा सरकते. १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार करून क्रमांक घ्या, पण फक्त तेवढ्यावर विसंबू नका. ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश येतो आणि धान्य येत नाही.

अपिलात काय जोडायचं? आधार, कार्डाच्या जुन्या पानाची प्रत, घराचा फोटो, जॉबकार्ड असल्यास त्यातल्या हजेरीचं पान. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे पंचनामा: गावातले पाच जण, त्यात शक्य तर पोलीस पाटील किंवा अंगणवाडी सेविका, ‘या कुटुंबाकडे आजवर चारचाकी नाही, त्याच नावाचा अमुक वस्तीवर राहणारा दुसरा माणूस आहे’ असं सह्या करून देतात. गावाला दोन गणपत ठाऊक असतात. सॉफ्टवेअरला ते ठाऊक असण्याचं काही कारणच नाही.

शेवटी मागण्या तीन, वेगवेगळ्या ओळींत: कार्ड पूर्ववत करावं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत धान्य चालू ठेवावं, बुडालेल्या महिन्यांचा भत्ता द्यावा.

बुडालेल्या धान्याचं काय

ही मागणी लोक सोडून देतात. कार्ड चालू झालं याच आनंदात मागचं विसरतात. हिशोब करून बघा. पाच माणसांचं प्राधान्य कुटुंब, माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे २५ किलो. सात महिने कार्ड बंद होतं तर १७५ किलो. मजुराच्या घरात हा आकडा दोन-तीन महिन्यांच्या जेवणाएवढा आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद आहे, आणि २०१५ च्या नियमांत त्याचा दर किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीवर बांधलेला आहे. कचेरी म्हणेल, कार्डच रद्द होतं तर हक्क कुठला? तुमचं उत्तर: रद्द करणंच चूक होतं हे तुम्ही मान्य केलं, म्हणजे हक्क कधी संपलाच नव्हता. खरं सांगायचं तर हा भत्ता हातात पडणं अवघड आहे. पण लेखी मागणी आणि लेखी नकार हे कागद आयोगापुढे लागतात. म्हणून कार्ड बंद असतानाही दर महिन्याला दुकानात जा, धान्य मागा, पडद्याचा फोटो ठेवा. ‘तुम्ही आलाच नाहीत’ असं म्हणायला जागा ठेवू नका.

न्याय्य अपील कसं असायला हवं

एवढा खटाटोप सांगितला तो आजची व्यवस्था अशी आहे म्हणून. ती कशी असावी, हे या खटाटोपातूनच दिसतं. ग्रामसभेत, निवेदनात किंवा आमदाराला भेटताना मागायचं असेल तर माझ्या मते पुढच्या गोष्टी मागाव्यात, आणि याच क्रमाने.

आधी तपासणी, मग बंद. सॉफ्टवेअरने नाव काढलं की तलाठी किंवा अंगणवाडी सेविकेने घर बघून यावं, आणि तोवर धान्य चालू राहावं. आपल्याकडे याच्या उलटं झालेलं सर्वांनी पाहिलं आहे. लाडकी बहीण योजनेत जून २०२५ पासून सुमारे २६ लाख महिलांचे पैसे वेगवेगळ्या विभागांच्या माहितीशी जुळवून अपात्रतेच्या संशयावरून थांबवले गेले, आणि पडताळणी नंतर जिल्ह्यांकडे गेली. त्यात खरोखर अपात्र असलेले होतेच, काही पुरुषही निघाले. पण ज्या बाईचं नाव चुकून आलं, तिचा हप्ता आधी थांबला आणि प्रश्न नंतर विचारले गेले. चुकून चार महिने जास्त धान्य गेलं तर सरकारचं नुकसान काही क्विंटलांचं. चुकून चार महिने धान्य बंद झालं तर एका घरात पोरं उपाशी. ही दोन नुकसानं एका तागडीत तोलता येत नाहीत.

झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची मुलगी उपासमारीने गेली, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. आधार जोडलं नाही म्हणून त्यांचं कार्ड रद्द झालं होतं. सरकारने उपासमारीचं कारण नाकारलं, पण पुढच्याच महिन्यात केंद्राने राज्यांना कळवलं की आधार नाही म्हणून कुणाचंही नाव यादीतून काढू नये. माणूस गेल्यावर निघालेला हा आदेश.

दुसरी गोष्ट नोटिशीची. ती मराठीत असावी, हातात द्यावी, आणि तिच्यात जुळलेली नोंद छापलेली असावी. “तुमच्या नावाशी अमुक क्रमांकाची जीप जुळली आहे, ती तुमची आहे का?” एवढं एक वाक्य नोटिशीत असतं तर माझ्याकडची निम्मी गर्दी कमी झाली असती. न वाचता येणाऱ्याला ती वाचून दाखवल्याची नोंद असावी.

तिसरी, सिद्ध कोणी करायचं याची. गाडी तुमची आहे हे कचेरीने सिद्ध करावं. ‘माझी नाही’ याचा पुरावा जगात कुणाकडेच नसतो.

चौथी, अपील ऐकणारा कोण. आज कित्येकदा अपील ज्याच्याकडे जातं, तो पुन्हा तोच पडदा उघडतो आणि तीच लाल खूण बघून ‘अपात्र’ लिहितो. ही फेरतपासणी नव्हे. ऐकणाऱ्याने मूळ कागद आणि घर बघावं, सॉफ्टवेअरच्या विरुद्ध निर्णय द्यायचा अधिकार त्याला असावा, आणि तो दिल्याबद्दल त्याला खुलासा मागितला जाऊ नये. पुरवठा शाखेतल्या एका निवृत्त माणसाने मला सांगितलं होतं, “नाव काढलं तर कुणी विचारत नाही, ठेवलं तर तीन सह्या लागतात.” हे उलटं होईल तेव्हाच सही करणाऱ्याचा हात मोकळा होईल.

आणि पाचवी तेलंगणाची. एका गणपतची चूक सापडली की त्याच आकड्याने, त्याच पद्धतीने काढलेली सगळी नावं कचेरीने स्वतःहून पुन्हा उघडावीत. ज्यांनी अर्ज केला नाही त्यांचीही. चौदा लाख कुटुंबांनी अर्ज केला नाही म्हणून ती सगळी अपात्र, असं धरणं सोयीचं आहे. त्याला तपासणी म्हणता येत नाही.

कार्ड परत आल्यावर

ही शेवटची पायरी कुणी सांगत नाही. कार्ड चालू झाल्याचा आदेश हातात आला तरी थांबू नका. आदेशाने रेशनच्या यादीतली खूण पुसली जाते. गाड्यांच्या यादीतला दुसरा गणपत तिथेच असतो. पुढच्या वेळी याद्या जुळवल्या की तीच जोडी पुन्हा वर येते. एका बाईचं कार्ड वर्षभरात दोनदा बंद झालेलं मी पाहिलंय, दोन्ही वेळा त्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्या नावबंधूमुळे. म्हणून आदेशातच एक ओळ मागून घ्या: “अर्जदार व अमुक क्रमांकाच्या वाहनाचा मालक या भिन्न व्यक्ती असल्याची नोंद प्रणालीत घ्यावी.” मूळ आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत, एक प्रत दुकानदाराकडे. पहिले सहा महिने दर महिन्याच्या पावतीवर किती किलो आणि किती सदस्य छापलेत ते मोजा. पाच माणसांचं धान्य चारचं झालं असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा दोन प्रतींत अर्ज, आणि पोच.